डिस्चार्ज संपत आला की वाजणारा आयजीचा ऑक्सिजन अलार्म: हवा नेमकी कुठून येते?

तेलाच्या टाक्यांत स्फोट होऊ नये म्हणून कमी ऑक्सिजनचा इनर्ट गॅस, म्हणजे आयजी, भरतात. तो बॉयलरच्या धुरातून, म्हणजे फ्ल्यू गॅसमधून, मिळवणाऱ्या ऑइल टँकरवर हे गाऱ्हाणं जवळपास ठरलेलं आहे. तेल उतरवायला, म्हणजे डिस्चार्जला, सुरुवात होते तेव्हा इनर्ट गॅसमधला ऑक्सिजन साडेतीन-चार टक्के असतो आणि कितीतरी तास सगळं सुरळीत चालतं. मग टाक्या तळाला येऊ लागतात, एकेक कार्गो पंप थांबतो, तळाशी उरलेलं तेल उपसायच्या स्ट्रिपिंगची तयारी होते आणि नेमका तेव्हाच अलार्म वाजतो. आकडा ५ ओलांडून ६, साडेसहा. डेकला जाणारा वायू थांबवून बाहेर सोडावा लागतो, टाक्यांमधला दाब उतरतो, रेट कमी करतोय असं टर्मिनलला कळवावं लागतं. मग बर्नर साफ होतो, ॲनालायझरचा सेल बदलला जातो, आणि पुढच्या बंदरात पुन्हा तेच.

याचं उत्तर बहुतेक वेळा एकच नसतं. दोन वेगळ्या वाटांनी हवा येत असते, आणि एक वाट बंद केली की दुसरी उलट जास्त त्रास देते. म्हणूनच हा दोष ‘दुरुस्त’ होऊनही परत येतो. खाली सगळा मार्ग क्रमाने देतोय, एका उदाहरणाच्या आकड्यांसकट.

पाच टक्क्यांचा एवढा बाऊ का?

क्रूडची वाफ साध्या हवेत साधारण १ ते १० टक्के या पट्ट्यात पेट घेते. ऑक्सिजन कमी करत नेला की हा पट्टा अरुंद होत जातो आणि ऑक्सिजन ११ टक्क्यांच्या आसपास उतरला की मिटतोच. त्याखाली वाफ कितीही असो, ठिणगी पडली तरी ज्वाला पसरत नाही. नियमांनी यात हात राखून आकडे ठरवले आहेत: टाकीत जास्तीत जास्त ८ टक्के, आणि टाकीकडे जाणाऱ्या मुख्य लाइनमध्ये जास्तीत जास्त ५ टक्के.

ठिणगी टाळण्यावर भिस्त का ठेवत नाहीत, याचं उत्तर डिसेंबर १९६९ मध्ये मिळालं. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ ही तीन प्रचंड टँकर जहाजं एकाच महिन्यात टाक्या धुताना फुटली. पुढच्या तपासात बोट गेलं ते धुण्याच्या पाण्याच्या तुषारांत साठणाऱ्या स्थिर विद्युतकडे. ती ठिणगी कुणी सिगारेट पेटवून पाडलेली नव्हती, धुण्याच्या कामातूनच निघालेली होती. ती शंभर टक्के टाळता येत नाही, म्हणून ऑक्सिजन काढायचा. आज क्रूड वॉशिंग, म्हणजे क्रूडच्याच फवाऱ्याने टाकी धुणं, चालू असताना त्याच प्रकारची ठिणगी टाकीत शक्य असते, आणि क्रूड वॉशिंग होतं ते डिस्चार्जच्या वेळीच. म्हणजे अलार्म वाजतो ती वेळ अगदी नाजूक.

डिस्चार्जमध्ये टाकीतून तासाला जितकं तेल बाहेर जातं तितकी जागा कुणीतरी भरायलाच हवी. आयजी कमी पडला तर ती हवा भरते. यासाठी आयजीची क्षमता कार्गो पंपांच्या एकूण कमाल रेटच्या १२५ टक्के ठेवावी लागते. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण दुखण्याचं मूळ त्यातच आहे.

आधी ॲनालायझर खरं बोलतोय का ते बघा

नायट्रोजनवर शून्य आणि साध्या हवेवर २०.९ आलं म्हणजे उपकरण ठीक, एवढ्यावर बरेच जण थांबतात. पण त्यातून फक्त उपकरण तपासलं गेलं, सॅम्पल लाइन नाही. कॅलिब्रेशन गॅस शक्यतो लाइनच्या सुरुवातीला, प्रोबजवळ द्या. तिथून दिलेल्या नायट्रोजनवर आकडा ०.० ऐवजी १.२ दाखवू लागला तर सॅम्पल पंपाच्या सक्शनला, फिल्टरच्या भांड्याच्या ओ-रिंगपाशी किंवा पाणी काढायच्या ड्रेनमधून हवा ओढली जातेय. फिल्टर काजळीने तुंबला की सक्शनचा व्हॅक्यूम वाढतो आणि ही गळतीही वाढते, त्यामुळे आधी फिल्टर, मग बाकीचं.

उलटी फसगतही होते, आणि ती जास्त घातक. ॲनालायझरमधला झिर्कोनिया सेल खूप तापलेला असतो. वायूत कार्बन मोनॉक्साइड किंवा न जळलेलं इंधन असेल तर ते सेलवरच जळतं, ऑक्सिजन खातं आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. बर्नर धूर ओकत असताना ‘२.८ टक्के, मस्त’ असं दिसलं तर खूश होऊ नका. याच कारणाने झिर्कोनियाचं उपकरण टाकीतल्या हायड्रोकार्बनभरल्या वायूसाठी वापरत नाहीत, तिथे पॅरामॅग्नेटिक प्रकारचं लागतं.

एकाच आकड्याकडे बघू नका, तीन ठिकाणी मोजा

खरं निदान इथे होतं. एकच पोर्टेबल मीटर घ्या आणि तीन जागी मोजा: बॉयलरच्या अपटेकमध्ये, म्हणजे धूर वर नेणाऱ्या मार्गात, वायू थंड करून धुणाऱ्या स्क्रबरच्या आधी आणि वायू डेककडे ढकलणाऱ्या ब्लोअरच्या पुढे. मीटर एकच हवा, आणि प्रत्येक सॅम्पल थंड करून, पाणी काढून घेतलेला हवा. बॉयलरवर बसवलेला प्रोब ओल्या वायूत मोजतो. फ्ल्यू गॅसमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास पाण्याची वाफ असते, त्यामुळे प्रोबवरचे ४.० म्हणजे कोरड्या वायूतले साधारण साडेचार. हा फरक विसरलात तर नसलेली गळती शोधत बसाल.

आणखी एक सावधगिरी. ब्लोअरच्या आधीची सगळी लाइन व्हॅक्यूममध्ये असते. तिथल्या सॅम्पल कॉकला नळी सैल लावली तर वायू बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा नळीत शिरते आणि आकडा भलताच चढतो. नळी घट्ट बसवा, मीटरचा पंप दमदार असू द्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

हीच गोष्ट गळती शोधतानाही कामी येते. ब्लोअरच्या पुढे दाब असतो, तिथे भोक पडलं तर वायू बाहेर जाईल पण ऑक्सिजन वाढणार नाही. ऑक्सिजन वाढवणारी गळती कायम ब्लोअरच्या मागेच असते: अपटेक व्हॉल्व्ह, स्क्रबर, डेमिस्टर, बेलोज, तपासणीची झाकणं, ब्लोअरचं शाफ्ट सील.

मिसळलेली हवा किती, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या जागेच्या ऑक्सिजनमधून मागच्या जागेचा वजा करा आणि त्याला ‘२०.९ वजा मागच्या जागेचा ऑक्सिजन’ याने भागा. येणारं उत्तर म्हणजे पुढच्या वायूत बाहेरच्या हवेचा वाटा.

एक उदाहरण, आकड्यांसकट

मध्यम आकाराचं क्रूड जहाज घ्या. तासाला ३,००० घनमीटरचे तीन स्टीम टर्बाइन कार्गो पंप, म्हणजे एकूण ९,०००. १२५ टक्क्यांनी ११,२५०. ब्लोअर तासाला सुमारे ११,५०० घनमीटर ओढतो. दोन बॉयलर, पैकी एक चालू.

तिन्ही पंप चालू असताना अपटेकला ३.४, स्क्रबरआधी ३.४ आणि ब्लोअरपुढे ४.१. स्क्रबरआधी काहीच मिसळत नाही. त्यानंतर मात्र ०.७ ची वाढ आहे: ०.७ भागिले १७.५, म्हणजे ४ टक्के हवा. ११,५०० चे ४ टक्के म्हणजे तासाला साधारण ४६० घनमीटर. आकडा ४.१ असल्याने कुणी लक्ष दिलं नाही, अलार्म तर ५ ला आहे.

डिस्चार्जच्या शेवटी रेट पाच-साडेपाच हजारांवर आला. तेव्हा अपटेकला ४.६, स्क्रबरआधी ६.१, ब्लोअरपुढे ६.७.

अपटेकचा आकडा ३.४ वरून ४.६ झाला ते समजण्यासारखं आहे. बर्नर कमी जाळावर आला की इंधनाच्या प्रमाणात हवा तितकी उतरत नाही, आणि जादा हवेतला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. पण अपटेक ते स्क्रबर या तुकड्यात १.५ ची वाढ कुठून आली? भरपूर लोड असताना तर इथे शून्य फरक होता. भोक असतं तर तेव्हाही हवा ओढली गेली असती, कारण ब्लोअर तोच, ओढ तीच.

आता बॉयलर किती वायू देतोय ते बघा. एक किलो फ्युएल ऑइल जळलं की थंड करून धुतलेला वायू ढोबळमानाने १४ घनमीटर निघतो. मोठ्या लोडला बॉयलर तासाला १,३०० किलोच्या आसपास जाळत होता, म्हणजे १८,००० घनमीटर. ब्लोअरने गळती वजा जाता ११,००० घेतले, उरलेले चिमणीतून गेले. शेवटी बॉयलर ७२० किलोवर उतरला: साधारण १०,०००. आणि ब्लोअर अजूनही ११,००० मागतोय. बॉयलरकडे नसलेले हजारभर घनमीटर तो कुठून आणणार? चिमणीच्या तोंडातून. बाहेरची हवा चिमणीतून उलटी खाली येते, अपटेकच्या तोंडाशी वायूत मिसळते आणि स्क्रबरकडे जाते. हजार भागिले अकरा हजार म्हणजे ९ टक्क्यांच्या वर थोडं. ४.६ मध्ये तेवढी हवा मिसळली की ६.१ येतं. त्यात मागची ४६० ची गळती मिळवली की ६.७. हिशेब दशांशापर्यंत जुळतो.

हे बॉयलरवरच्या प्रोबला कधीच दिसत नाही, कारण हवा त्याच्या पुढे मिसळते. ‘बॉयलर तर ठीक आहे’ आणि ‘आयजी वाईट आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, आणि इंजिन रूम विरुद्ध डेक हा वाद त्यातूनच पेटतो.

ब्लोअर इतका का ओढत होता?

डेकला साडेपाच हजारच हवे होते. उरलेला वायू कुठेतरी जायला हवा, त्यासाठी रीसर्क्युलेशनचा मार्ग असतो: ब्लोअरच्या पुढून वायू परत स्क्रबरच्या तोंडाशी नेतात. तो फिरत राहिला की बॉयलरकडून फक्त डेकला लागेल तेवढाच नवा वायू घ्यावा लागतो. या जहाजावर रीसर्क्युलेशन व्हॉल्व्हचा दर्शक पॅनेलवर उघडा दिसत होता. जाग्यावर जाऊन बघितलं तर पोझिशनरचा दांडा हलत होता, पण काजळी आणि आम्लयुक्त पाण्याच्या पुटाने जाम झालेली व्हॉल्व्हची चकती जेमतेम उघडत होती. जादा वायू सगळा बाहेरच्या व्हेंटने जात होता आणि ब्लोअर बॉयलरकडून पूर्ण ११,००० मागत होता. पॅनेलवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. स्पिंडलवरची खूण बघा आणि पाइपला हात लावा: वायू फिरत असेल तर पाइप ब्लोअरच्या डिस्चार्जइतकाच कोमट लागतो.

व्हॉल्व्ह मोकळा केला. स्क्रबरआधीचा आकडा ६.१ वरून अपटेकइतका, ४.६ झाला. चिमणीची हवा थांबली. आणि ब्लोअरपुढे? ६.०. अलार्म तसाच.

इथे बहुतेक जहाजांवर निदानच चुकलं असं ठरवून पुन्हा बर्नर उघडला जातो. पण बघा, ४६० घनमीटरची जुनी गळती अजून आहे. आधी ती ११,५०० मध्ये मिसळत होती, म्हणजे ४ टक्के. आता नवा वायू फक्त साडेपाच हजारांचा आहे आणि तीच गळती त्यात मिसळतेय: ८ टक्क्यांहून जास्त. रीसर्क्युलेशन जितकं नीट चालेल तितकी सक्शनची लहानशी गळती ठळक होत जाते. ४.१ च्या दिवशी जिच्याकडे कानाडोळा केला ती गळती आता एकटीच अलार्म वाजवू शकते.

४६० घनमीटर कुठून?

सक्शनच्या बाजूला साबणाचा फेस उपयोगी नाही, बुडबुडा आत ओढला जातो आणि काहीच दिसत नाही. पातळ प्लास्टिकची फिल्म घ्या, स्वयंपाकघरात भांडी झाकायला असते ती, आणि ब्लोअर चालू असताना एकेका फ्लँजभोवती गुंडाळा. गळती असली की फिल्म फटीत खेचली जाऊन ताणली जाते. मोठ्या गळतीला शिट्टीही ऐकू येते, पण इंजिन रूमच्या आवाजात तिच्या भरवशावर राहू नका.

कुठल्याही जहाजावर शोधताना चार जागा आधी. पहिली, बंद बॉयलरचा अपटेक व्हॉल्व्ह. बंद असताना त्याच्या सीटवर सीलिंग एअर दिलेली असते. सीट खराब झाली तर ती हवा सरळ आयजी लाइनमध्ये येते. त्या व्हॉल्व्हपुढचा पाइपचा तुकडा थंडगार वाटला तर संशय घ्या. दुसरी, स्क्रबरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या लाइनचा सील. डिस्चार्ज होत जातो तसं जहाज वर उचललं जातं, ओव्हरबोर्डचं तोंड पाण्याबाहेर येतं आणि लूपमधलं पाणी कमी असेल तर तिथून हवा ओढली जाते. हाही दोष नेमका डिस्चार्जच्या शेवटीच दिसतो, म्हणून चिमणीच्या हवेशी त्याची गल्लत होते. फरक एवढाच की याची वाढ स्क्रबरच्या पुढे दिसते, आधी नाही. तिसरी, स्क्रबरनंतरची तपासणीची झाकणं आणि बेलोज. चौथी, ताज्या हवेचं इनटेक. टाक्या गॅस-फ्री करताना हाच ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, त्यासाठी सक्शनला वेगळं तोंड असतं आणि एरवी त्यावर ब्लँक बसवलेला असतो.

या जहाजावर दोष तिथेच निघाला. मागच्या गॅस-फ्रीनंतर ब्लँक परत बसवताना जुनीच कडक झालेली गॅस्केट वापरली होती आणि खालच्या बाजूचे दोन बोल्ट हातानेच आवळलेले होते. फिल्म लावल्याबरोबर खालच्या कडेला आत खेचली गेली. नवी गॅस्केट टाकून बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले, तेव्हा ब्लोअरपुढे आकडा ४.८ झाला. अपटेकपेक्षा ०.२ जास्त, म्हणजे साठ-सत्तर घनमीटर. एवढं चालतं.

तरीही ४.८ म्हणजे काठावरच

उरलेलं काम बॉयलरचं. कमी जाळावर डॅम्पर आणि इंधन यांचा मेळ घालून बघा. लिंकेजच्या पिना झिजल्या की डॅम्पर खालच्या टोकाला पुरेसा मिटत नाही. पण धूर दिसेपर्यंत हवा कापू नका, मघाशी सांगितलेली झिर्कोनियाची फसगत तिथेच होते, शिवाय काजळीने स्क्रबर भरतो. दुसरा मार्ग, बॉयलरचा लोड खाली जाऊच द्यायचा नाही. जादा वाफ कंडेन्सरमध्ये डंप करून जाळ तासाला ९०० किलोच्या आसपास धरला तर याच जहाजावर ४.२ मिळत होते. इंधन वाया जातं, हे खरंच. पण टर्मिनलवर रेट तोडून बसण्यापेक्षा ते परवडतं, आणि डंप सुरू करायचा तो तिसरा पंप थांबवण्याच्या आधी. अलार्म वाजल्यावर लोड वाढवायला गेलात तर बर्नर स्थिरावेपर्यंत डेकचा दाब उतरलेला असतो.

अलार्म वाजलाच तर

५ च्या वर गेलेला वायू डेककडे पाठवू नका, बाहेर सोडा आणि कार्गो कंट्रोल रूमला लगेच कळवा. डेकवरचा दाब १०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाखाली गेला की कमी दाबाचा अलार्म येतो. त्याच्याही खाली, ५० मिलिमीटरला, दुसरा अलार्म असतो किंवा कार्गो पंप आपोआप बंद होतात. ही ट्रिप बायपास करून ‘जरा वेळ’ डिस्चार्ज रेटण्याची विनंती वरून येऊ शकते. ती मान्य करायची नाही, कारण दाब संपल्यावर टाकी हवाच ओढते. वायू सुधारेपर्यंत त्या टाक्यांतला डिस्चार्ज आणि क्रूड वॉशिंग थांबवा, डेक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद ठेवा. पुन्हा वॉशिंग सुरू करण्याआधी प्रत्येक टाकीतला ऑक्सिजन ८ च्या खाली आहे हे टाकीतच मोजून बघा, मुख्य लाइनच्या आकड्यावरून गृहीत धरू नका. लाइनमध्ये आत्ता ४ असले तरी मघाशी आत गेलेला वायू वेगळा होता.

ज्या जहाजावर वेगळा आयजी जनरेटर आहे तिथे चिमणीच्या हवेचा भाग लागू होत नाही. तिथे इंधन जाळण्यासाठी लागणारी हवा ब्लोअर पुढे ढकलतो आणि लाइन दाबाखाली असते, त्यामुळे ऑक्सिजन चढला तर बर्नरचा नोझल, इंधनाचा दाब आणि हवेचा डॅम्पर एवढ्यातच शोधायचं. फ्ल्यू गॅसवाल्यांनी मात्र पुढच्या डिस्चार्जला तिन्ही जागांचे आकडे दोनदा घ्यावेत, एकदा पूर्ण रेटला आणि एकदा शेवटचा पंप थांबण्याआधी, आणि शेजारी त्या वेळचं बॉयलरचं इंधन आणि कार्गोचा रेट लिहावा. हे सहा आकडे हातात असतील तर काय उघडायचं ते बंदर सोडण्याआधीच ठरवता येतं.